न ओतता मोजलेले पाणी

हौदातले पाणी मोजायचे तर बादलीने उपसता येते. माणसाच्या शरीरातले पाणी तसे उपसता येत नाही, आणि ते एका जागी साठलेलेही नसते. काही रक्तवाहिन्यांत असते, काही पेशींच्या फटींत आणि सर्वांत जास्त पेशींच्या आत. निर्देशक-विरलन पद्धतीत हे पाणी न उपसताच मोजले जाते. वजन करून घेतलेला एखादा पदार्थ शरीरात सोडतात, तो सगळीकडे सारखा मिसळू देतात आणि मग थोडासा नमुना काढून तो किती पातळ झाला ते पाहतात. हा सोडलेला पदार्थ म्हणजे निर्देशक. तो जितका पातळ झाला असेल, तितके पाणी जास्त.

सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीवर ही युक्ती चांगली कळते. टाकीची खोली कोणालाच ठाऊक नाही असे समजू. आत १ किलो मीठ टाकून पाणी चांगले ढवळले आणि १ लिटर पाणी काढून आटवले, तर तळाशी ०.८ ग्रॅम क्षार उरले. पण नळाच्या पाण्यातही क्षार असतातच, म्हणून मीठ टाकण्याआधीचे १ लिटर पाणीही आटवून पाहिले होते आणि त्यात ०.३ ग्रॅम निघाले होते. म्हणजे आपल्या मिठाचा वाटा लिटरमागे ०.५ ग्रॅम. टाकलेले मीठ १००० ग्रॅम, तेव्हा पाणी १००० भागिले ०.५, म्हणजे २००० लिटर. पद्धतीचे सूत्र एवढेच आहे:

आकारमान = टाकलेला निर्देशक ÷ मिसळल्यानंतरची त्याची संहती

संहती म्हणजे एका लिटरमध्ये किती ग्रॅम किंवा मिलिग्रॅम पदार्थ आहे तो आकडा. गणित चौथीतल्या मुलाला जमेल असे आहे, अडचणी टाकीच्या आहेत. पाणी नीट ढवळलेच नाही तर नमुना कोणत्या कोपऱ्यातला, यावर उत्तर ठरेल. तळाला गळती असेल तर काही मीठ मोजणीआधीच निघून गेलेले असेल, आणि ते वजा करावे लागेल. सर्वांत फसवी अडचण मात्र वेगळीच असते. भिंतीला भोक असून मीठ शेजारच्या टाकीतही शिरत असेल, तर उत्तर दोन्ही टाक्यांचे येते आणि मोजणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ही पद्धत टाकी मोजत नाही, मीठ जिथवर पोचले ती जागा मोजते. शरीरातल्या मोजणीची सगळी कसरत या एका गोष्टीभोवती फिरते.

उदाहरणासाठी एक कल्पित माणूस घेऊ: ४० वर्षांचा, ६० किलो वजनाचा निरोगी पुरुष. त्याच्यावर तीन निर्देशक वापरायचे आहेत. पहिला रक्तवाहिन्यांबाहेर सहसा न जाणारा, दुसरा रक्तवाहिन्या ओलांडणारा पण पेशींत न शिरणारा आणि तिसरा पाणी जाईल तिथे सगळीकडे जाणारा.

रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की उरतो तो पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. रंगद्रव्य टोचून त्याचे आकारमान मोजण्याची पद्धत कीथ, राउंट्री आणि गेराटी या अमेरिकी डॉक्टरांनी १९१५ मध्ये मांडली. त्यांचे रंगद्रव्य लाल होते. पुढे त्याची जागा ‘इव्हान्स ब्लू’ या निळ्या रंगाने घेतली. हर्बर्ट इव्हान्स या शरीररचनातज्ज्ञावरून हे नाव पडले. हा रंग रक्तात शिरताच अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो. अल्ब्युमिनचा रेणू मोठा असल्यामुळे तो केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज बाहेर पडत नाही, आणि त्याला चिकटलेला रंगही आतच राहतो. निळाच का, यालाही कारण आहे. लालसर प्लाझ्मात लाल रंग मोजणे अवघड असते. इव्हान्स ब्लू ज्या तांबड्या प्रकाशात मोजतात, त्यात हिमोग्लोबिनचा अडथळा कमी येतो. आज याच कामासाठी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले अल्ब्युमिनही वापरतात. रंग बदलला तरी हिशेब तोच राहतो.

आपल्या माणसाला स्वस्थ आडवे झोपवले आहे. एका हाताच्या शिरेतून रंग टोचण्याआधीचे रक्त घेतले आणि मग त्याच शिरेत २५ मिलिग्रॅम रंग दिला. दुसऱ्या हातातून १०, २० आणि ३० मिनिटांनी रक्त घेतले. प्रत्येक नमुन्यातून आधीचे मूळ वाचन वजा केल्यावर प्लाझ्मातली संहती अनुक्रमे ९.९, ९.८ आणि ९.७ मिलिग्रॅम प्रतिलिटर निघाली.

आकडा हळूहळू उतरतो आहे, कारण अल्ब्युमिन पूर्णपणे कैद नसते. निरोगी माणसातही दर तासाला त्याचा थोडा भाग वाहिन्यांबाहेर झिरपतो. मग यातला खरा आकडा कोणता? तिघांपैकी एकही नाही. टोचल्याच्या क्षणी सगळा रंग एका झटक्यात मिसळला असता आणि काहीच झिरपले नसते, तर जी संहती मिळाली असती ती हवी. तिन्ही बिंदू आलेखावर मांडून त्यांतून जाणारी रेषा मागे शून्य मिनिटापर्यंत ओढली की १०.० मिलिग्रॅम मिळतात.

प्लाझ्मा = २५ ÷ १०.० = २.५ लिटर

केवळ तिसाव्या मिनिटाच्या नमुन्यावर भिस्त ठेवली असती तर उत्तर २.५८ लिटर आले असते. निरोगी माणसात हा फरक किरकोळ वाटतो. पण जबर भाजलेल्या किंवा जंतुदोष रक्तात पसरलेल्या रुग्णाच्या केशवाहिन्या गळक्या झालेल्या असतात. त्याच्यात रेषा तीव्र उतरते, कधी सरळ न राहता वाकते, आणि एकाच नमुन्यावरून काढलेले उत्तर भलतेच मोठे येते. अनेक नमुने घेण्याचा खटाटोप त्यासाठीच असतो, कारण गळती किती आहे हे रेषेचा उतारच सांगतो.

घोटाळ्याचे आणखी एक ठिकाण म्हणजे सुईचे टोक. समजा सुई थोडी हलली आणि दहावा हिस्सा रंग शिरेऐवजी कातडीखाली गेला. रक्तात २२.५ मिलिग्रॅमच पोचले, संहती ९.० आली, आणि २५ भागिले ९ करून प्लाझ्मा २.७८ लिटर निघाला. पाव लिटरहून जास्त प्लाझ्मा निव्वळ हातचलाखीने तयार झाला. सुदैवाने ही चूक डोळ्यांना दिसते, कारण टोचल्या जागी निळा डाग पडतो. सिरिंजमध्ये चिकटून राहिलेला रंग मात्र दिसत नाही, म्हणून काळजीपूर्वक काम करणारे टोचण्यापूर्वी आणि नंतर सिरिंजचे वजन करतात. मुळात हिशेबात ‘सिरिंजमध्ये भरलेला’ रंग धरायचा नसतो, ‘शरीरात गेलेला’ धरायचा असतो.

प्लाझ्मा कळला की संपूर्ण रक्त किती हेही काढता येते. या माणसाचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४२ टक्के आहे. तर प्लाझ्मा ५८ टक्के, आणि रक्त २.५ भागिले ०.५८, म्हणजे ४.३ लिटर. पाठ्यपुस्तकातले गणित बहुधा इथे थांबते. पण हाताच्या शिरेतले रक्त हे साऱ्या शरीराचे प्रतिनिधी नसते. बारीक वाहिन्यांमधून जाणाऱ्या रक्तात पेशींचे प्रमाण कमी असते, त्यामुळे साऱ्या शरीराचे हिमॅटोक्रिट शिरेतल्याच्या सुमारे ०.९१ पट धरतात. तेव्हा ४२ ऐवजी ३८.२ टक्के घेऊन उत्तर जवळपास ४.०५ लिटर येते. एका छोट्या दुरुस्तीने पाव लिटर रक्त कमी झाले. रक्तपेढीत एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात, हे लक्षात घेतले तर पाव लिटर म्हणजे काही थोडे नाही.

पुढची पायरी पेशीबाह्य द्रवाची. प्लाझ्मा आणि पेशींच्या फटींतला द्रव मिळून हा साठा होतो, आणि तीन मोजण्यांपैकी हीच सर्वांत निसरडी आहे. इथे हवा असलेला निर्देशक केशवाहिनी ओलांडेल पण पेशीच्या आवरणापाशी थांबेल असा पाहिजे. असा आदर्श पदार्थ आजवर मिळालेला नाही. जे आहेत ते दोन गटांत पडतात. इनुलिन, मॅनिटॉल, सुक्रोज असे शर्करावर्गीय पदार्थ पेशीत शिरत नाहीत, पण घट्ट तंतुमय ऊतींत आणि हाडांत पुरते पोचतही नाहीत, म्हणून उत्तर थोडे कमी देतात. ब्रोमाइड, थायोसायनेट यांसारखे छोटे आयन सगळीकडे पोचतात, पण थोडेफार पेशींतही घुसतात, म्हणून उत्तर जास्त देतात.

इनुलिन डेलियाच्या कंदांत असते. शरीर ते पचवत नाही की वापरत नाही, मूत्रपिंडे मात्र ते भराभर बाहेर टाकतात. म्हणजे ही गळकी टाकी झाली. समजा आपल्या माणसाला ६ ग्रॅम इनुलिन शिरेतून दिले, काही वेळाने प्लाझ्मातली संहती ०.२४ ग्रॅम प्रतिलिटर निघाली, आणि तोवर गोळा केलेल्या लघवीत ३.६ ग्रॅम सापडले. शरीरात उरले २.४ ग्रॅम.

पेशीबाह्य द्रव = (६ − ३.६) ÷ ०.२४ = १० लिटर

लघवीतले इनुलिन वजा करायचे विसरले असते तर २५ लिटर आले असते. ६० किलोच्या माणसात २५ लिटर पेशीबाह्य द्रव असेल तर तो सुजून टम्म झालेला असेल, म्हणून ही चूक लगेच लक्षात येते. वजाबाकी करूनही एक खोच मात्र उरते. मूत्रपिंडे प्लाझ्मातले इनुलिन काढत असताना पेशींच्या फटींतले इनुलिन मागे रेंगाळते. प्लाझ्मातली संहती फटींतल्यापेक्षा कमी दिसते आणि आकारमान फुगते. त्यावर जुनी पण पक्की तोड आहे. इनुलिन तासन्‌तास सलाइनसारखे थेंब-थेंब देत राहायचे, संहती स्थिर होऊ द्यायची, मग सलाइन बंद करून पुढे येणारी सगळी लघवी गोळा करायची. तिच्यातून जेवढे इनुलिन बाहेर पडेल तेवढेच बंद करण्याच्या क्षणी शरीरात होते. ते भागिले स्थिर संहती केले की उत्तर मिळते. पद्धत चोख आहे, पण रुग्णाला दिवसभर अडकवून ठेवणारी आहे.

म्हणून पुष्कळ प्रयोगशाळा ब्रोमाइडकडे वळल्या. त्याचे द्रावण पिता येते आणि मूत्रपिंडे त्याला हळूहळू सोडतात. आपल्या माणसाने १८०० मिलिग्रॅम ब्रोमाइड घेतले. तीन-चार तासांनी त्याच्या रक्तद्रवात ब्रोमाइडची वाढ १२० मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसली. भागाकार सरळ १५ लिटर देतो, पण ही ‘ब्रोमाइडची जागा’ झाली. तिच्यावर तीन दुरुस्त्या कराव्या लागतात. सुमारे दहावा हिस्सा ब्रोमाइड तांबड्या पेशींत आणि इतरत्र शिरतो, म्हणून ०.९० ने गुणायचे. प्लाझ्मातली प्रथिने ऋणभारित असल्यामुळे ती ब्रोमाइडसारख्या ऋण आयनांना थोडे बाहेर ढकलतात आणि फटींतली संहती प्लाझ्मापेक्षा जराशी जास्त राहते, त्यासाठी ०.९५. आणि एक लिटर प्लाझ्मा म्हणजे एक लिटर पाणी नव्हे, त्यात प्रथिनेही जागा अडवतात, म्हणून ०.९४.

पेशीबाह्य द्रव = १५ × ०.९० × ०.९५ × ०.९४ ≈ १२ लिटर

म्हणजे इनुलिनने १० लिटर, ब्रोमाइडने १२. खोटा कोणीच नाही. दोघांनी आपापली जागा मोजली. म्हणूनच जाणते लोक नुसते ‘पेशीबाह्य द्रव’ न म्हणता ‘इनुलिन-जागा’ किंवा ‘ब्रोमाइड-जागा’ म्हणतात. एका अभ्यासातला इनुलिनचा आकडा दुसऱ्यातल्या ब्रोमाइडच्या आकड्याशेजारी ठेवून ‘या लोकांच्या शरीरात पाणी जास्त’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शुद्ध फसगत.

एकूण शरीरजलाच्या बाबतीत मात्र निसर्गाने जवळजवळ आदर्श निर्देशक दिला आहे, तो म्हणजे पाणीच. जड पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असते. ते किरणोत्सारी नसते, आणि शरीरात नेहमीच्या पाण्याच्या बरोबरीने सगळीकडे जाते. हेव्हेशी आणि होफर यांनी माणसाच्या शरीरातले पाणी जड पाण्याच्या साहाय्याने तपासून १९३४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ड्युटेरियमचा शोध लागून जेमतेम तीन वर्षे झाली होती. मराठी वाचकाला जड पाणी म्हटले की अलिबागजवळच्या थळचा कारखाना आठवेल. तिथले जड पाणी अणुभट्ट्यांसाठी टनांनी बनते. इथे लागते अवघे ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, आणि एवढ्याने माणसाला काही होत नाही.

कृती साधी असली तरी शिस्तीची आहे. माणूस उपाशीपोटी येतो, लघवी करून वजन देतो. मग त्याच्या तोंडात कापसाचा बोळा देतात. तो भिजला की सिरिंजमध्ये घालून पिळतात आणि मूळ लाळेचा नमुना मिळतो. साध्या पाण्यातही थोडे ड्युटेरियम असतेच, म्हणून टाकीतल्या मूळ क्षारांसारखे हे आधी मोजून ठेवावे लागते. मग वजन केलेले जड पाणी स्ट्रॉने प्यायचे, बाटली साध्या पाण्याने विसळून तेही त्याच स्ट्रॉने प्यायचे. तीन आणि चार तासांनी पुन्हा लाळ घेतात. दोन्ही वाचने जुळली तर मिश्रण पूर्ण झाले असे मानता येते, न जुळल्यास कुठेतरी गफलत आहे. नमुन्याच्या जेमतेम आधी माणसाने घोटभर पाणी प्यायले असेल, तर लाळच पातळ होते आणि शरीरात नसलेले पाणी हिशेबात येते.

आपल्या माणसाच्या लाळेत मूळ प्रमाणापेक्षा किलोमागे ८०० मिलिग्रॅम जड पाणी जास्त सापडले. दिलेले होते ३०,००० मिलिग्रॅम. भागाकार ३७.५ किलो. पण ड्युटेरियमही थोडे भोकातून निसटते. प्रथिनांमधल्या काही हायड्रोजन अणूंशी ते जागा बदलते, त्यामुळे त्याची जागा पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के मोठी असते. म्हणून १.०४१ ने भागायचे.

एकूण शरीरजल = ३७.५ ÷ १.०४१ ≈ ३६ किलो, म्हणजे जवळपास ३६ लिटर

आता वजाबाक्या करता येतात. ३६ मधून पेशीबाह्य १२ वजा केले की पेशींच्या आतले पाणी २४ लिटर. १२ मधून प्लाझ्माचे २.५ वजा केले की पेशींच्या फटींतला द्रव साधारण ९.५ लिटर. या दोन्ही साठ्यांत थेट सोडता येईल असा निर्देशकच नाही, म्हणून ते नेहमी वजाबाकीनेच मिळतात, आणि वजाबाकीत दोन्ही मोजण्यांच्या चुका एकत्र येतात. एकूण पाण्यात १ लिटरची आणि पेशीबाह्य द्रवात अर्ध्या लिटरची चूक उलट दिशांना झाली, तर पेशींतले २४ लिटर २२.५ ते २५.५ मध्ये कुठेही असू शकतील. इनुलिनचे १० लिटर वापरले असते, तर तेच २६ झाले असते.

शरीरजलातून चरबीही काढतात. चरबीत पाणी जवळजवळ नसते आणि चरबी सोडून उरलेल्या शरीरात ते सुमारे ७३.२ टक्के असते. ३६ भागिले ०.७३२ म्हणजे ४९.२ किलो चरबीविरहित वजन, म्हणून चरबी १०.८ किलो. आता याच माणसाने स्ट्रॉमधून १ ग्रॅम जड पाणी हनुवटीवर सांडले आणि कोणी लिहून ठेवले नाही असे समजू. पोटात २९ ग्रॅम गेले, लाळेतले वाचन ७७३ आले, पण हिशेब ३० चाच केला. शरीरजल ३७.३ किलो निघते, चरबीविरहित वजन ५०.९ आणि चरबी ९.१ किलो. मात्रेतली साधारण ३ टक्क्यांची चूक चरबीपाशी पोचेपर्यंत १६ टक्क्यांच्या आसपास गेली. स्ट्रॉ आणि विसळण्याचा आग्रह उगाच नाही. शिवाय पायांवर सूज असलेल्या किंवा जलोदर झालेल्या रुग्णाला ७३.२ हा आकडा लागूच पडत नाही, कारण त्याच्या चरबीविरहित शरीरात पाण्याचा वाटाच वाढलेला असतो. त्याचे शरीरजल बरोबर मोजले गेले तरी चरबीचे उत्तर चुकते.

अतिदक्षता विभागात ही पद्धत फारशी दिसत नाही, त्याचे कारण तिच्या गणितातच आहे. निर्देशक मिसळेपर्यंत टाकीतले पाणी स्थिर राहायला हवे. रक्तस्राव होत असलेल्या आणि सलाइन चालू असलेल्या रुग्णाची टाकी तीन तास सोडाच, तीस मिनिटेही तशीच राहत नाही. तिचा मुख्य उपयोग संशोधनात आणि दुसरी साधने तपासून घेण्यासाठी होतो. व्यायामशाळेतल्या ज्या वजनकाट्यावर अनवाणी उभे राहिल्यावर ‘शरीरातले पाणी’ टक्क्यांत उमटते, तो पाणी मोजत नाही. तो पायांतून जाणाऱ्या सौम्य विजेला होणारा विरोध मोजतो आणि तयार समीकरणात घालतो. अशी समीकरणे बसवताना शरीरजलाचा खरा आकडा म्हणून बहुधा जड पाणी प्यायलेल्या माणसांच्या मोजण्याच धरलेल्या असतात, आणि ती माणसे वेगळ्या बांध्याची असतील तर काट्यावरचा आकडा तेवढ्याने चुकतो.